चौरस मीटरला किती हार्डनर? जळगावच्या गोदामातला माझा अनुभव

जळगाव एमआयडीसीत एका डाळमिलच्या गोदामाची फरशी माझ्या देखरेखीखाली झाली. क्षेत्र १,२०० चौरस मीटर. वरच्या थरात ड्राय शेक हार्डनर, म्हणजे सिमेंट आणि कठीण खडीचं बारीक मिश्रण, ओल्या काँक्रीटवर पसरून घोटायचं होतं. प्रश्न एकच होता: चौरस मीटरला किती किलो?

ठेकेदाराने दरात तीन किलो धरले होते. शेठ म्हणाले, "भाऊ, सातच टाका, एकदाच काय ते मजबूत होऊ द्या." दोघांनाही मी आधी गोदामात काय फिरणार ते विचारलं. फक्त माणसांची ये-जा आणि हलक्या हातगाड्या असत्या तर तीन किलो चालले असते. इथे फोर्कलिफ्ट होती, आणि पोत्यांच्या थप्प्या ओढणारी पॅलेट ट्रकही. तिची चाकं लहान आणि कडक, त्यामुळे सगळा भार बोटभर पट्ट्यावर येतो. अशा ठिकाणी बिगरधातूचं हार्डनर साधारण पाच किलो लागतं.

सात का नाही, हे शेठना पटवायला जास्त वेळ लागला. या पावडरीला वरून पाणी मारायचं नसतं. ती काँक्रीटमधलं पाणी ओढून भिजते. काँक्रीटकडे जेवढी ओल असेल तेवढीच पावडर ते पचवतं. उरलेली कोरडीच घोटली जाते आणि पुढे पापुद्र्यासारखी सुटते. आमचं काम एप्रिलमधलं. बेचाळीस अंशांत, कोरड्या वाऱ्यात वरची ओल बघता बघता उडते. त्यात ट्रिमिक्स पद्धतीने, म्हणजे ताज्या काँक्रीटमधलं जादा पाणी व्हॅक्यूम पंपाने ओढून घेतलं, तर हार्डनरला हवं तेच पाणी आपण आधी काढून टाकतो. म्हणून इथे व्हॅक्यूम वापरायचा नाही, मिश्रणात पाणी मुळातच कमी ठेवायचं, काँक्रीट रात्री ओतायचं आणि वाऱ्याच्या बाजूला ताडपत्र्या बांधायच्या, असं ठरलं.

पाच किलो कागदावर लिहिणं सोपं आहे, ते प्रत्येक फुटावर पडणं अवघड. फरशी आम्ही पट्ट्या-पट्ट्याने ओतली; एक पट्टा चार मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब होता, म्हणजे साठ चौरस मीटर. त्याला तीनशे किलो, पंचवीस किलोच्या बारा गोण्या. त्यातल्या आठ पहिल्या फेरीत, चार दुसऱ्या फेरीत. कडेच्या लोखंडी चॅनेलवर मी खडूने खुणा करून घेतल्या: पहिल्या फेरीत दर १.९ मीटरला एक गोणी संपलीच पाहिजे, दुसऱ्या फेरीत दर पावणेचार मीटरला. गोण्या आधीच खुणांजवळ मांडून ठेवल्या. मग अंदाजाला जागा उरत नाही. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला मूठ भरून पडते आणि शेवटच्या टोकाला पावडर पुरत नाही. गोदामाचा हिशेब बरोबर येतो, पण शेवटचा कोपरा मात्र आधी झिजतो.

पावडर लांब भिरकावू द्यायची नाही. जड खडी पुढे जाते, सिमेंट वाऱ्याबरोबर उडतं. दोन माणसं दोन्ही कडांना उभी राहिली आणि खाली वाकून मधोमधपर्यंतच टाकत गेली.

खरी कसोटी वेळेची. वर पाण्याची चमक असताना टाकली तर पावडरीतलं सिमेंट पातळ होऊन वर येतं, आणि ती जागा नंतर पांढरी पडून धूळ सोडते. उशीर झाला तर ती भिजत नाही. मिस्त्री काँक्रीटवर उभा राहिला आणि पायाचा ठसा तीन ते पाच मिलिमीटर उमटला, वर पाणी नव्हतं, तेव्हा पहिली फेरी सुरू केली. कडा आणि खांबांभोवतीचा भाग आधी घट्ट होतो, म्हणून तिथे सगळ्यात आधी, हाताने. पावडर सगळीकडे सारखी काळसर झाली की ती भिजली असं समजायचं, मगच घोटाईच्या मशीनची सपाट डिस्क फिरवायची. कुठे करडा कोरडा डाग दिसला की मशीन थांबवून तिथे भिजण्याची वाट पाहिली. दुसरी फेरी पहिलीला आडवी टाकली, पुन्हा भिजू दिली, मग डिस्क, आणि शेवटी पात्यांची घोटाई.

एका पट्ट्यात घोटाई संपत आली तेव्हा एक मुकादम कोरडं सिमेंट शिंपडून चमक आणायला निघाला. मी थांबवलं. त्याने चकाकी येते, पण वर कच्चा सिमेंटचा थर बसतो आणि खाली टाकलेली कठीण खडी झाकली जाते.

घोटून झाल्यावर लगेच क्युरिंग कंपाऊंड, म्हणजे काँक्रीटची ओल आत धरून ठेवणारा द्रव, मारलं. प्रत्येक पट्ट्याच्या रिकाम्या गोण्या वेगळ्या बांधून, वर पट्ट्याचा क्रमांक लिहून ठेवल्या. बिल करताना एकूण २४० गोण्या निघाल्या. महिन्याभराने हातोडीने ठोकत सगळी फरशी तपासली. प्रवेशद्वाराजवळ, जिथे ताडपत्री सुटून वारा लागला होता, तिथे हाताएवढा भाग पोकळ वाजला. तेवढा कापून भरून घेतला आणि गोदाम ताब्यात दिलं.