तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेनी घेताना रेझ्युमेत काय बघतो

"सर, मार्क ६२ टक्केच आहेत, एक इंटर्नशिप केलीय आणि गॅदरिंगचा सेक्रेटरी होतो. मॅनेजमेंट ट्रेनी घेताना तुम्ही नक्की काय बघता ओ?"

मार्क पहिल्या चाळणीपुरतेच. आमच्याकडं दहावीपासून ६० टक्के आणि केटी शिल्लक नको एवढी अट आहे, ती पार झाली की ६२ वाला आणि ७८ वाला एकाच ढिगात. मधेच एखाद्या सेमिस्टरला घसरले असतील तर कारण विचारतो, बस.

खरी निवड होते इंटर्नशिपच्या ओळीवर, आणि पोरं नेमकी तिथंच मार खातात. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत दोन महिने काढायचे आणि लिहायचं काय, तर 'विविध विभागांच्या कामकाजाचा अभ्यास केला'. यातनं मला काय कळणार?

मागं एका मुलीनं हेच लिहिलं होतं. मी म्हटलं, रोज सकाळी गेल्यावर काय करत होतीस ते सांग. म्हणाली, रिजेक्ट कास्टिंगचं रजिस्टर लिहीत होते सर. मग खोदून विचारलं तेव्हा कळलं की तिनं आपणहून प्रत्येक रिजेक्शनसमोर ओतल्याची वेळ लिहायला सुरुवात केलेली, आणि ब्लोहोलचे पीस सकाळच्या पहिल्या तासाभरातच जास्त निघत होते. रात्रभर पडून साच्याची वाळू सुकते म्हणून ऑपरेटर पहिल्या घाण्याला अंदाजानं पाणी जास्त मारायचा, आणि मॉइश्चरची टेस्ट व्हायची नंतर. जास्तीच्या पाण्याची वाफ होते, ती धातूत अडकते, भोक पडतं. तिनं सुपरवायझरला सांगून पहिल्याच घाण्याची टेस्ट सुरू करून घेतली. एवढं सगळं केलेलं आणि रेझ्युमेत त्यातला एक शब्द नाही!

हे दोन ओळीत लिहायचं: काय नोंदवलं, काय दिसलं, त्यावरनं काय बदललं. 'रिजेक्शन ४० टक्के कमी केलं' असलं मात्र लिहू नका, कारण आमचे क्वालिटीवाले साहेब लगेच विचारतात, आधी किती होतं आणि कुठल्या पार्टचं, आणि तिथं गडबडलात तर खऱ्या कामावरचाही विश्वास जातो.

सेक्रेटरीपदाचंही तसंच बघा. नुसतं पद लिहिलं की निवडून आला होता का नाव दिलं होतं तेही समजत नाही. वर्गणी किती जमली, हिशोब कुणी ठेवला, स्पॉन्सरनं ऐनवेळी हात वर केले तेव्हा कुठला खर्च कापला आणि ते पोरांना कसं पटवलं, यातलं एक जरी लिहिलंत तरी मला तुमच्याशी बोलायला विषय मिळतो. शॉपवर पन्नाशीच्या ऑपरेटरकडनं काम करून घ्यायचं असतं, तिथं हेच उपयोगी पडतं.

आणि पोस्टिंगलाही हाच कागद फिरतो, सगळ्या डिपार्टमेंट हेडकडं जातो. त्या मुलीला क्वालिटीनं मागून घेतलं. तुमच्या गॅदरिंगमध्ये मंडप, साउंड, जेवण यांचे दर तुम्हीच ठरवले असतील तर ते पहिल्या पानावर घ्या, परचेसवाले तीच ओळ शोधत असतात.