डेफिसिटची नोंदवही: साडेपाचची भूक खरी की नुसती इच्छा?

मंडळी, वजनाचा आलेख मागच्या नोंदीत टाकला होताच. आठवड्याची सरासरी अजूनही ठरल्याप्रमाणे हळूहळू उतरते आहे, म्हणून या वेळी आकड्यांत न रमता एकाच गोष्टीवर लिहितो: संध्याकाळी साडेपाचला लागणारी भूक. डेफिसिटमध्ये, म्हणजे शरीराला लागतात त्यापेक्षा कमी कॅलरी खात असताना, बहुतेकांचा दिवस इथेच घसरतो.

माझं रोजचं लक्ष्य १८०० कॅलरींचं आहे, वजन स्थिर राहायला साधारण २२५० लागतात. भूक मी १ ते १० मध्ये मोजतो. १ म्हणजे हातपाय थरथरणं, ५ म्हणजे पोटाची आठवणसुद्धा नाही, १० म्हणजे लग्नाच्या पंगतीतून उठल्यावरची गच्च अवस्था. ३ ला पोटात खड्डा पडल्यासारखं होतं आणि कामातलं लक्ष उडतं. ४ ला भूक जाणवते, पण काम चालू राहतं. आकडा लिहिताना मी शेजारी शरीराची एक खूणही लिहितो, कारण नुसत्या आकड्याला मन पटकन फसवतं.

ऑफिस सुटल्यावर टिळकवाडीतून घरी येताना मिठाईच्या दुकानात ताजा कुंदा दिसतो. त्या क्षणी आकडा विचारला तर ३ येतो. इथे मी स्वतःला एकच प्रश्न करतो: आत्ता ज्वारीची भाकरी आणि साधी मुगाची आमटी पुढे आली तर खाईन का? उत्तर ‘हो, लगेच’ असेल तर भूक खरी. ‘भाकरी नको, कुंदाच हवा’ असं आलं तर ती खाण्याची इच्छा. मग घरी जाऊन पाणी पितो, कपडे बदलतो आणि वीस मिनिटांनी पुन्हा आकडा लिहितो.

नोंदी चाळल्यावर स्पष्ट दिसलं की इच्छेचा ३ वीस मिनिटांत ४ किंवा ५ वर येतो. यामागे कारण आहे. भुकेचं संप्रेरक घ्रेलिन आपल्या नेहमीच्या खाण्याच्या वेळेआधी वाढतं आणि वेळ टळली की बरंचसं आपोआप उतरतं. वर्षानुवर्षं साडेपाचला चहा-फरसाण खाल्लेल्या शरीराला ती लाट येणारच. खरी भूक मात्र वीस मिनिटांनी तिथेच असते किंवा खाली सरकते.

गेल्या गुरुवारचं उदाहरण घ्या. साडेपाचला ३, भाकरीला ‘हो’, वीस मिनिटांनीही ३. दुपारचं जेवण एक वाजता झालेलं, त्यात भात जास्त आणि डाळ कमी. रात्रीचं जेवण साडेआठला, त्यासाठी ६५० कॅलरी शिल्लक. तीन तास ओढले असते तर आकडा २ वर गेला असता, आणि २ वर जेवायला बसलं की भाजी वाढेपर्यंत पहिली भाकरी संपलेली असते. पोट भरल्याची जाणीव पंधरा-वीस मिनिटं मागून येते, तोवर आणखी दोन पोटात. म्हणून मूठभर फुटाणे आणि ग्लासभर ताक घेतलं, अंदाजे १५० कॅलरी. त्या बदल्यात रात्रीच्या दोन भाकरींतली एक वळती केली. आई म्हणाली, “एकच भाकरी? पुरतंय काय रे?” जेवायला बसताना आकडा ४ होता, उसळ-कोशिंबीर भरपूर होती, उठताना ६. पुरलं.

मात्र या मोजपट्टीवर सगळा भार टाकू नका. चरबी घटते तसं भूक आवरणारं संप्रेरक लेप्टिन खाली येतं आणि एकूणच भूक वाढते. डेफिसिटमध्ये जेवणाआधी ४ किंवा ३ असणं साहजिक आहे. दर ४ ला खाल्लं तर डेफिसिट उरत नाही, म्हणून ‘किती’ हे दिवसाच्या आकड्याने ठरवायचं आणि ‘कधी’ हे भुकेने. रात्री झोप कमी झाली असेल तर दुसऱ्या दिवशीचे आकडे मी थोडे संशयानेच वाचतो, कारण जागरणाने भूक फुगते. आणि मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा वीस मिनिटांचा प्रयोग करू नये. थरथर, घाम आला तर आधी साखर तपासायची आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लगेच खायचं.

पोटभर जेवून तासाभरात पुन्हा ३ येऊ लागला, किंवा पहाटे भुकेने जाग येऊ लागली, तर मी डेफिसिट जास्त झालं असं समजतो आणि रोजच्या १०० ते १५० कॅलरी वाढवतो. सध्या तशी वेळ नाही. पुढच्या पंधरवड्यात दुपारच्या ताटात भात एक वाटी कमी आणि मटकीची उसळ एक वाटी जास्त असा बदल करतोय. साडेपाचचा खरा ३ त्याने विरळ होतो का, ते पाहायचं आहे. तुमच्यापैकी कुणी दुपारची डाळ-उसळ वाढवून पाहिली असेल तर आधीचे आणि नंतरचे आकडे जरूर कळवा.