आमची वाटचाल : महापुराच्या वर्षीचे सहा रोलर

शिरोली एमआयडीसीत आम्ही साखर कारखान्यांचे ऊस पिळणारे मिल रोलर रीशेल करतो, म्हणजे शाफ्टवर बिडाचा नवा शेल, रोलरचं बाहेरचं जाड नळकांडं, चढवतो. एका जुन्या लेथवर सुरुवात केली, मग शेड वाढली, क्रेन आली. ती वर्षं कामात गेली. लिहायचं आहे ते 2019 च्या ऑगस्टबद्दल, कारण त्या वेळी माझ्या माणसांनी जे केलं ते कुठेच नोंदलेलं नाही.

एका कारखान्याचे सहा रोलर आमच्याकडे होते. दसऱ्याच्या आत पोच करायचे, असा शब्द दिलेला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं, रस्ता बंद झाला, वीज गेली. आमच्या शेडला पाणी लागलं नव्हतं. तरीही आमच्याच धंद्यातला एक जण कारखान्यात निरोप देऊन मोकळा झाला, की यांचं शेड बुडालंय, रोलर आमच्याकडे वळवा. हे मी अजून विसरलेलो नाही. पुराच्या वेळी माणूस माणसाच्या मदतीला धावत होता, आणि हा ऑर्डर ओढत होता.

कारखान्याचे चीफ इंजिनिअर साहेब आमचे पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, "लेथच्या पायाला पाणी लागलंय का?" मी नाही म्हणालो. "मग रोलर तुमच्याकडेच राहतील," म्हणाले आणि फोन ठेवला.

पाणी उतरल्यावर खरी अडचण पुढे आली. शाफ्ट घासून साफ करणाऱ्या आमच्या पोराला एका जर्नलच्या, म्हणजे शाफ्टचा जो भाग बेअरिंगमध्ये फिरतो त्याच्या, गोलाईत बारीक काळी रेघ दिसली. ओरखडा म्हणून सोडून देता आली असती. त्याने लाल डाय लावला, पुसला, पांढरा डेव्हलपर फवारला. थोड्या वेळात पांढऱ्यातून लाल रेघ उमटली, शाफ्टच्या घेराला धरून वळलेली. अल्ट्रासॉनिकने पाहिलं तर चीर आत गेलेली. असा शाफ्ट वेल्डिंग करून वापरायचा नसतो. हंगामात तो जर्नललाच तुटतो आणि अख्खी मिल उभी राहते. त्या पोराची ती नजर म्हणजे आमची अब्रू.

साहेबांनी कारखान्यातला राखीव शाफ्ट स्वतः ट्रकबरोबर येऊन पोचवला. पण त्याची सीट, म्हणजे शेल बसतो ती जागा, आधीच्या शाफ्टपेक्षा सहा मिलिमीटर मोठी. लेथवरच्या मामांनी शेलचा बोअर, म्हणजे आतलं भोक, अजून फिनिश केलेला नव्हता, म्हणून वाचलो. त्यांचा नियमच आहे, शाफ्ट तपासून झाल्याशिवाय शेवटचा कट घ्यायचा नाही. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी हा नियम पाळावा. बोअर मोठा करता येतो, लहान करता येत नाही. मामांचं चिखलीतलं घर तेव्हा चिखलाने भरलेलं होतं. दिवसा घर साफ करून ते रात्रपाळीला येत.

शेल तापवणं अण्णांकडे. साडेचारशे मिलिमीटरच्या बोअरला आम्ही साधारण चार दशांश मिलिमीटर दाब ठेवतो, म्हणजे बोअर शाफ्टपेक्षा तेवढा लहान ठेवतो. शेल सव्वादोनशे-अडीचशे अंशांपर्यंत नेला, की शाफ्टभोवती अर्धा-पाऊण मिलिमीटर मोकळीक मिळते. बिडाला घाई चालत नाही, एका बाजूने तापलं तर तडकतं. अण्णा बर्नर सतत फिरवत ठेवतात आणि दोन्ही टोकं टोकदार केलेली लोखंडी सळई बोअरमध्ये आडवी-उभी फिरवून बघतात. आडवी फिरली आणि उभी अडली, तर बोअर लांबट झालाय, अजून थांबायचं. त्या दिवशी मी घाई करत होतो, अण्णांनी हात वर करून थांबवलं.

मग क्रेनवरचे बापू. खड्ड्यात शाफ्ट उभा, वर पाच टनांचा तापलेला शेल. निम्म्यात अडकला तर काही मिनिटांत आवळून बसतो, आणि मग कापूनच काढावा लागतो. बापूंनी तो सरळ ओळंब्यात आणला आणि एका दमात खाली नेला. मध्ये कुठेही ब्रेक मारला नाही.

खाचांची तपासणी ताईंची. रोलरच्या अंगावर एका खाचेपासून दुसरीपर्यंतचं अंतर, म्हणजे पिच, 50 मिलिमीटर, एका रोलरला तीसच्या वर खाचा. प्रत्येक खाचेत दशांश मिलिमीटर चुकला तरी शेवटच्या खाचेला तीन मिलिमीटर फरक पडतो, आणि समोरच्या रोलरचे दाते खाचेत न बसता कडेला घासतात. ताई पत्र्याचं टेम्प्लेट लावून मागे बॅटरी धरतात आणि कुठून उजेड येतो ते पाहतात. शिवाय दर पाच खाचांनंतर पहिल्या खाचेपासून माप घेतात. चौथ्या रोलरवर त्यांनी लेथ थांबवला. टूलचं टोक झिजलेलं निघालं. टूल नव्याने घासून पुढचा कट घेतला.

दसऱ्याच्या आधी सहाही रोलर कारखान्याच्या काट्यावर पोचले. पुढच्या ऑफ-सीझनला साहेबांनी आणखी रोलर पाठवले, आणि चलन घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरबरोबर निरोप होता: खाचा ताईंनीच तपासायच्या.