मदत मिळाल्यानंतरचा मेसेज

गुरुवार, रात्री

घरून काम करताना आपल्या टीममधल्यांशी ओळख होऊन जाते, रोजची मीटिंगच ती करून देते. अडतं ते दुसऱ्या टीमच्या बाबतीत. मायक्रोसॉफ्टनं आपल्या साठ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या संपर्काचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही हेच दिसलं: सगळे घरून काम करू लागल्यावर टीमच्या आतलं बोलणं टिकलं, पण टीम ओलांडून होणारं बोलणं आटलं.

पेमेंट टीममधल्या एकीची आणि माझी ओळख झाली ती एका बगमुळे. काही ऑर्डरींचा रिफंड दोनदा नोंदला जात होता. सगळ्यांच्या चॅनेलवर प्रश्न टाकण्याआधी मी त्या फाइलवर, कोडची कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारं `git blame` चालवलं, शेवटचे बदल तिचे निघाले. तिला लिहिलं, "टाइमआउटनंतरचा रिट्राय तू लिहिलेला दिसतोय. लॉग पाहून वाटतंय की दुसऱ्यांदा रिक्वेस्ट जाताना आयडी नवा बनतो. असंच होतंय का? उद्या सांगितलंस तरी चालेल."

नुसतं "हाय, वेळ आहे का?" असं लिहिलं की समोरच्याला काम किती मोठं आहे याचा अंदाज येत नाही, मग उत्तर मागे पडतं. इथं तिला कळलं की मी आधी वाचून आलेय आणि दोन ओळींत भागेल. तिनं कारण सांगितलं, आयडी रिट्रायच्या बाहेर कुठे बनवायचा तेही सांगितलं.

पण नातं जुळलं ते त्यानंतरच्या मेसेजनं, असं मला ठामपणे वाटतं. बदल लाइव्ह गेल्यावर काही दिवसांनी मी तिला कळवलं, "एकच आयडी ठेवला. दुहेरी नोंदी थांबल्या." कोडमधला बदल तपासायला पाठवताना, म्हणजे पुल रिक्वेस्टमध्ये, तिचं नावही घातलं होतं. ऑफिसात हे जाता-येता कानावर पडतं. दूर बसलेल्या माणसाला आपल्या सल्ल्याचं पुढे काय झालं हे कधी कळतच नाही, आणि बहुतेक जण सांगतही नाहीत. त्या दिवशी तिचं उत्तर पहिल्यापेक्षा लांबलचक आलं, आणि आमचा पहिला कॉलही त्यातूनच ठरला.

आता ती डिझाइनचा कच्चा मसुदा टीमला दाखवण्याआधी मला पाठवते, "इथं मला नीट कळलेलं नाही" असं लिहून. माझं काही पटलं नाही तर आधी खासगीत सांगते. गप्पांसाठी ठेवलेल्या दहा जणांच्या कॉलमधून असं काही घडलेलं मी पाहिलेलं नाही. तिथं दोघं बोलतात, बाकीचे म्यूटवर. अर्थात सगळ्यांशी हे जुळत नाही. काही जण तेवढ्यास तेवढं उत्तर देतात, त्यांच्या मागे लागू नये.

पुढच्या महिन्यात ती टीम बदलतेय. तिच्या जागी येणाऱ्याला आणि मला तिनं आज एका ग्रुपमध्ये घेतलं: "रिफंडचं काही अडलं तर हिला विचार." त्याला लिहिण्याआधी त्याच्या जुन्या पुल रिक्वेस्ट वाचायला घेतल्या आहेत.