बी ते गर: आमच्या काजू कारखान्याची वाटचाल

आमचा काजू कारखाना २०१३ साली कुडाळ तालुक्यातील आमच्या घराच्या मागच्या पडवीत सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो बंद पडता पडता वाचला. त्यानंतरची वर्षे नीट गेली, त्यांच्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. मात्र कल्पना सुचल्यापासून ती खरोखर संधी आहे असे ठरेपर्यंत आम्ही काय तपासले आणि काय तपासायचे राहून गेले, हे उद्योजकतेचा अभ्यास नुकताच सुरू करणाऱ्या मुलांना सविस्तर सांगावे असे मला मनापासून वाटते, कारण आम्हाला ते कोणी सांगितले नव्हते.

कल्पनेचा उगम अगदी साधा होता. दर एप्रिलमध्ये व्यापाऱ्याचा टेम्पो दारात येई, आमची बी गोणीत भरून नेई, आणि गणपतीत मोदकाच्या सारणासाठी आई बाजारातून तोच काजू कितीतरी पट भावाने विकत आणी. हा फरक माझ्या मनात अनेक वर्षे सलत होता. २०११ मध्ये मी आणि माझे मावसभाऊ एक वही घेऊन बसलो आणि सुचेल ते लिहीत गेलो: बोंडूचे, म्हणजे काजूच्या फळाचे, सरबत, बीवर प्रक्रिया, टरफलाचे तेल, आणि व्यापाऱ्यांसाठी केवळ बी गोळा करून देणे. त्या बैठकीत कोणतीही कल्पना खोडायची नाही, असे आम्ही ठरवले होते.

खोडण्याचे काम नंतर केले. बोंडू बीच्या कित्येक पट वजनाचा आणि आमच्याकडे झाडाखाली फुकट कुजणारा, म्हणून सरबताची कल्पना सर्वांना आवडली होती. परंतु बोंडू तोडल्यावर एका दिवसात आंबू लागतो आणि हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. गोव्यात त्याची फेणी होते, आमच्याकडे तसा परवाना हाताशी नव्हता. टरफलाच्या तेलाला लागणारे टरफल आमच्याकडे मुळातच नव्हते, आणि नुसती बी गोळा करून दिली तर भावातला फरक व्यापाऱ्याकडेच राहणार होता. बी मात्र नीट वाळवली तर वर्षभर टिकते आणि तिचे काम पावसाळ्यातही चालते. अशा रीतीने चारांपैकी बीवर प्रक्रियेची एकच कल्पना उरली.

उरलेली कल्पना म्हणजे संधी नव्हे, इतके आम्हाला त्या वेळीही कळत होते. म्हणून बॉयलर आणि ड्रायरची चौकशी करण्याआधी, २०१२ च्या मे महिन्यात मावसभावांच्या बागेतील २०० किलो बी शेजारच्या तालुक्यातील एका कारखान्यात मजुरी देऊन फोडून घेतली. मावसभाऊ स्वतः कटिंग यंत्रावर बसले. पायाने पट्टी दाबायची, दोन वाकड्या पात्यांमध्ये उकडलेली बी बरोबर शिवणीवर धरायची आणि हाताने दांडा ओढायचा; बी थोडी तिरपी बसली की अख्ख्या काजूचा तुकडा होतो. टरफलातल्या तेलाने कातडी जळते, म्हणून बायका हाताला राख किंवा खोबरेल लावून बसतात, हेही त्यांनी तिथेच शिकून घेतले. तसे यंत्र आजही आमच्याकडे आहे, आणि त्याची पाती मावसभावांखेरीज कोणी घासत नाही. त्या २०० किलोंमधून ५२ किलो गर निघाला, म्हणजे उतारा २६ टक्के.

तो गर घेऊन मी कोल्हापूरच्या एका मिठाईवाल्यांकडे गेलो. मी अभिमानाने २४० नंबरचा, म्हणजे मोठ्या दाण्याचा, अख्खा काजू पुढे केला, आणि त्यांनी तो बाजूला सारून पाकळी आणि तुकड्याची पिशवी उघडली. कतलीसाठी काजू वाटायचाच असतो, अख्खा घेऊन काय करू, असे ते म्हणाले. त्यांना हवा होता वर्षभर एकाच चवीचा तुकडा, आणि त्यांनी महिन्याला ५० किलोंची मागणी कागदावर लिहून दिली. आपण ज्याला दुय्यम माल समजत होतो, त्याला ठरलेला गिऱ्हाईक आहे हे कळल्यावर मूल्यमापनाचे चित्र बदलले. आपला माल चांगला आहे का, असे ओळखीच्यांना विचारू नका. किती घ्याल, कोणत्या महिन्यात आणि पैसे कधी द्याल, हे अनोळखी माणसाला विचारा.

मग आम्ही हिशेब मांडला. सोयीसाठी आकडे पूर्ण करून सांगतो. १०० किलो बी १०० रुपये दराने १०,००० रुपयांची, आणि उकडणे, फोडणे, वाळवणे, सोलणे, प्रतवारी व पॅकिंग मिळून २,५०० रुपये. उतारा २६ किलो आणि सरासरी विक्रीदर ५२० रुपये, म्हणजे १३,५२० रुपये. क्विंटलमागे १,०२० रुपये उरत होते. या कागदावर आम्ही कर्ज काढले आणि २०१३ च्या हंगामात १२ टन बी घेतली.

चूक त्या कागदातच होती. चाचणीची बी मे महिन्यातली, अंगणात कडकडीत वाळलेली होती. खरेदी केलेली बी मात्र मार्चची, ओली होती. आमच्याकडचे एक वृद्ध बागायतदार तेव्हाच म्हणाले होते, "बी कानाकडे धरून हलवून बघ", कारण वाळलेल्या बीमध्ये गर सुटून वाजतो. मी ते ऐकले नाही. वाळवल्यावर १०० किलोंचे ९२ किलो उरले, त्यातून गर निघाला जेमतेम २४ किलो, म्हणजे १२,४८० रुपये. नफा तिथेच संपला. शिवाय मार्चमध्ये घेतलेली बी डिसेंबरपर्यंत विकली जाते. सरासरी सहा महिन्यांचे बारा टक्क्यांनी व्याज क्विंटलमागे ६०० रुपये होते आणि ते आम्ही धरलेच नव्हते. त्यात घाईने भरलेली दोन टन बी ऑगस्टमध्ये बुरशीली आणि तिचा डागाळलेला गर अर्ध्या भावाने गेला. एकूण तूट जवळजवळ दोन लाखांवर गेली आणि घरातले दागिने गहाण पडले.

याच सुमारास तालुक्यातील एका मोठ्या कारखानदाराने, जो आमच्या पडवीत बसून आमची सगळी मांडणी पाहून गेला होता, आमच्याच बागायतदारांना किलोमागे चार रुपये जास्त देऊ केले. पुढच्या हंगामात निम्मी माणसे तिकडे गेली. ते दुःख अजून गेलेले नाही. पण खरे सांगायचे तर आमच्या मूल्यमापनात प्रतिस्पर्धी म्हणून कोणी नव्हताच. बीचा भाव आहे तोच राहील, असे आम्ही गृहीत धरले होते. चार रुपये म्हणजे क्विंटलमागे ४००, आमच्या कागदावरच्या नफ्याचा मोठा वाटा. कोल्हापूरच्या त्या मिठाईवाल्या शेठजींनी २०१३ च्या सप्टेंबरमध्ये दिवाळीच्या मालाचे पैसे आगाऊ पाठवले नसते, तर कारखान्याला कुलूप लागले असते.

तेव्हापासून प्रत्येक खेपेची चाचणी दारातच होते. गोणीच्या वरून, मधून आणि तळातून बी काढून एकत्र करायची, त्यातली एक किलो मोजून फोडायची, आणि चांगला, सुरकुतलेला, काळा व पोकळ असे वेगळे करायचे. ओल्या सालीसकट गराचे वजन फसवे असते, म्हणून तो वाळवून, सोलून मगच तोलायचा. भाव किलोवर न ठरता उताऱ्यावर ठरतो, आणि हे बागायतदारांच्या डोळ्यांदेखत होत असल्यामुळे गेलेली काही माणसे परतही आली.

यंदा पुतण्याने वहीतील बोंडू सरबताचे जुने पान पुन्हा उघडले आहे. त्याने दोन हंगाम छोट्या प्रमाणावर रस काढून पाहिला, घशाला लागणारा तुरटपणा कमी करण्याची रीत शिकून घेतली, आणि बाटलीमागे खर्चही मांडला. मी त्याला इतकेच विचारले की जूननंतर ही बाटली कोण घेणार आणि त्या गिऱ्हाइकाने ते लिहून दिले आहे का. तो सध्या कोल्हापूर आणि बेळगावच्या दुकानांतून फिरतो आहे. वहीतील त्या पानावरची शेवटची ओळ अजून कोरी आहे.