‘क्युरिंग कमी पडलं’ हे कारण नव्हे : आमची वाटचाल

आमची फर्म छोटी. पुणे आणि आसपासच्या मध्यम ठेकेदारांना साइटवरचं क्वालिटी कंट्रोल पुरवायचं, हे आमचं काम. सुरुवातीला ते ओल्या काँक्रीटचा स्लम्प, म्हणजे पातळपणा, मोजणं, चाचणीसाठी काँक्रीटचे क्यूब भरणं आणि रजिस्टर ठेवणं एवढंच होतं. क्यूब नापास झाले की एनसीआर, म्हणजे त्रुटीचा अहवाल, ठेकेदाराचा इंजिनिअर लिहायचा, आणि तो साधारण ठरलेलाच असायचा : ‘कारण – क्युरिंग कमी पडलं. उपाय – यापुढे काळजी घेतली जाईल.’ स्ट्रक्चरल कन्सल्टंट तो परत पाठवायचे, स्लॅबचं बिल अडकायचं, आणि नेमकं किती काँक्रीट संशयाखाली आहे हे कुणालाच सांगता यायचं नाही. शेवटी ठेकेदारच म्हणू लागले की हे लिहायचं काम तुम्हीच घ्या. आज आमच्या कामाचा मोठा भाग तोच आहे. एक पथ्य मात्र पहिल्यापासून पाळलं. ज्या साइटचे एनसीआर आम्ही लिहितो, तिथले क्यूब बाहेरच्या प्रयोगशाळेतच फुटतात.

‘क्युरिंग कमी’ या कारणाशी आमचं भांडण तांत्रिक आहे. क्यूब स्लॅबवर राहत नाहीत. साचा उघडला की ते २७ अंशांच्या आसपासच्या पाण्याच्या टाकीत जातात आणि फुटायच्या दिवशीच बाहेर येतात. स्लॅबवर कुणी पाणी मारलं की नाही, याची क्यूबला खबरही नसते. स्लॅबचं क्युरिंग खरोखर कमी असेल तर ते स्लॅबमधून कापून काढलेल्या कोअरमध्ये दिसेल, क्यूबमध्ये नाही. क्यूब कमी आला तर शोध तीनच ठिकाणी घ्यायचा : काँक्रीट मुळात कमजोर होतं, क्यूब नीट भरला-सांभाळला गेला नाही, किंवा चाचणीत गडबड झाली.

एका निवासी इमारतीच्या स्लॅबचं उदाहरण सांगतो. एम ३०, म्हणजे २८ दिवसांना ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचं काँक्रीट, ४८ घनमीटर, सहा-सहा घनमीटरच्या आठ गाड्या. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे ३१ ते ५० घनमीटरला चार नमुने लागतात, ते घेतले होते. २८ दिवसांचे निकाल आले ३८.२, ३७.४, २५.६ आणि ३६.९. चारांची सरासरी ३४.५. ती किमान ३३ हवी, म्हणजे सरासरी पास. पण कुठलाही एक निकाल २७ च्या खाली चालत नाही, आणि तिसरा नमुना २५.६ वर होता.

इथेच व्याप्ती ठरते, आणि इथेच बहुतेक एनसीआर फसतात. ‘स्लॅबचे क्यूब नापास’ असं लिहिलं की ४८ घनमीटर काँक्रीट एकदम संशयात जातं. आयएस ४५६ मात्र स्पष्ट सांगतं की एकट्या निकालाची अट मोडली तर ज्या बॅचमधून नमुना घेतला तेवढीच बॅच धोक्यात. सरासरीची अट मोडली असती तर गोष्ट वेगळी होती, मग चारही नमुन्यांमागचं सगळं काँक्रीट आलं असतं. त्यामुळे आमच्या एनसीआरचं पहिलं वाक्य असं होतं : ‘नमुना क्र. ३, गाडी क्र. ५, ६ घनमीटर. स्लॅबमध्ये ग्रिड बी-सी आणि ३-४ मधला सुमारे ४० चौरस मीटर भाग.’ स्लॅब १५० मिलिमीटर जाडीचा, म्हणून ६ घनमीटरचे ४० चौरस मीटर. गाडी कुठे रिकामी झाली हे सांगता आलं, कारण पोअर चालू असताना आमचा साइटवरचा माणूस प्लॅनच्या झेरॉक्सवर प्रत्येक गाडीची हद्द पेन्सिलीने आखत होता. ती झेरॉक्स नसती तर संशय संपूर्ण स्लॅबवर राहिला असता. एनसीआर निघाला त्याच दिवशी त्या भागाखालचे टेकू काढू नयेत, अशी लेखी सूचना दिली.

आता कारण. ठेकेदार म्हणाले, “साहेब, लॅबचीच चूक असणार, तेच लिहा ना.” मी म्हटलं, “आधी बघू, मग लिहू.” त्या नमुन्याचे तीन क्यूब २५.९, २६.३ आणि २४.६ वर फुटले होते. सरासरीपासून कुणीही १५ टक्क्यांहून दूर नाही, म्हणजे निकाल ग्राह्य. मशीनचं कॅलिब्रेशन मुदतीत होतं. फुटलेले तुकडे आम्ही प्रयोगशाळेतून मागवून घेतो. चारही बाजू सारख्या ढासळून दोन पिरॅमिड उरले होते, एकच कोपरा उडालेला नव्हता. क्यूब मशीनमध्ये तिरका बसला असता तर तसं दिसलं नसतं. बोलकं ठरलं ते वजन. इतर नमुन्यांचे क्यूब ८.२५ किलोच्या आसपास, हे तीन ८.०५ च्या. त्यांच्यात मधाच्या पोळ्यासारखी भोकं नव्हती, तेव्हा ठोकणी कमी पडली असंही म्हणता येईना. सात दिवसांचा निकालही या नमुन्याचाच मागे होता. तेव्हा एनसीआर काढला नाही, कारण स्वीकृती २८ दिवसांवर ठरते, पण रजिस्टरमध्ये लाल खूण केली होती.

प्लांटच्या बॅच प्रिंटमध्ये सिमेंट, पाणी, अ‍ॅडमिक्श्चरचं रसायन सगळं जागेवर होतं. चलनावरच्या वेळा मात्र वेगळं सांगत होत्या. पंपाची लाइन चोक झाल्याने पाच नंबरची गाडी रांगेत खोळंबली, आणि भरल्यापासून दोन तासांच्या आत रिकामी व्हायची ती गाडी पाऊण तास उशिरा रिकामी झाली. आल्यावर स्लम्प १२० मिलिमीटर होता. नमुना घेताना तो १९० निघाला आणि नोंदवलाही गेला. उन्हात उभ्या काँक्रीटचा स्लम्प आपोआप वाढत नाही. पंपाच्या माणसांनी कबूल केलं की ड्रममध्ये पाणी सोडलं होतं.

पण ‘पाणी घातलं’ इथे थांबलो असतो तर अहवाल अर्धाच राहिला असता. पाणी का घातलं? खोळंबलेल्या गाडीचं काय करायचं हे ठरवायला साइटवर कुणी नेमलेलंच नव्हतं, आणि अ‍ॅडमिक्श्चरचा वाढीव डोस द्यायला प्लांटचा माणूस हजर नव्हता. स्लम्प १९० लिहिणाऱ्याकडे गाडी परत पाठवायचा अधिकार नव्हता. मूळ कारण म्हणून हेच लिहिलं.

त्यापुढचे दोन रकाने आम्ही कटाक्षाने वेगळे ठेवतो. पहिला, झालेल्या काँक्रीटचं काय. त्या ४० चौरस मीटरमध्ये रिबाउंड हॅमर फिरवून कमजोर जागा शोधल्या. हॅमरवरून ताकद ठरवली नाही, तो फक्त तुलनेपुरता. सळया चुकवून तीन कोअर काढले. दुरुस्त करून क्यूबच्या भाषेत आलेली ताकद २६.४, २७.१ आणि २४.९, सरासरी २६.१. सरासरी ३० च्या ८५ टक्के, म्हणजे २५.५, आणि एकही कोअर ७५ टक्के, म्हणजे २२.५, च्या खाली नको. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. कन्सल्टंटनी हिशेब तपासून स्लॅब स्वीकारला. जास्त पाण्याचं काँक्रीट टिकाऊपणात कमी असतं म्हणून त्या भागावर वॉटरप्रूफिंग सुचवलं, तेही अहवालात गेलं.

दुसरा रकाना, पुन्हा होऊ नये म्हणून. गाडीच्या पाण्याच्या व्हॉल्व्हला सील. ९० मिनिटांपेक्षा जास्त खोळंबलेल्या गाडीचा स्लम्प पुन्हा घ्यायचा. स्लम्प मर्यादेबाहेर असेल तर गाडी परत पाठवायचा लेखी अधिकार आमच्या साइट इंजिनिअरला. प्रत्येक ओळीपुढे पदनाम आणि तारीख.

कोअर पास झाल्यावर ठेकेदारांनी एनसीआर बंद करायला सांगितलं. आम्ही केला नाही. कोअरने स्लॅबचा प्रश्न सुटला होता, गाडीचा नव्हता. पुढच्या दोन स्लॅबचं सील आणि स्लम्प रजिस्टर तपासून, त्यांचे २८ दिवसांचे निकाल आल्यावरच सही केली. हल्ली नव्या साइटवर करार करतानाच गाडीनिहाय पोअर नकाशाची अट घालतो. ज्यांना ती मान्य नाही, त्यांचं एनसीआरचं काम आम्ही घेत नाही.