आत्याचा फोन आणि माझा तक्ता

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, एका लग्नाच्या पंगतीत आत्या भेटली. बोलता बोलता कळलं की पोळ्याच्या सुमारास ती आठ दिवस सेवाग्रामला दवाखान्यात भरती होती. म्हणजे आठ-नऊ महिने मला पत्ताच नव्हता. "तुले कोन सांगनार? तुह्या फोन तं येत नाही," एवढंच म्हणाली आणि वांग्याची भाजी वाढून घेतली. आमचं गाव ते तिचं दारव्हा, फोन लावायला एक मिनिट लागतं.

त्याच रात्री मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावले. मामा दर रविवारी, आत्या दर महिन्याच्या एक तारखेला, कॉलेजचे मित्र तीन महिन्यांतून एकदा. पेरणीपर्यंत बरं चाललं. मग गडबड सुरू झाली. मामाचा शनिवारी स्वतःहून फोन आला, तरी रविवारी घंटी वाजलीच. कापूस वेचणीत मजूर वावरात आणि मापाचा काटा माझ्या हातात, तेव्हा वाजलेली घंटी मी बोटाने सरकवून टाकायचो. सरकवली की विषय संपला. तीन महिन्यांवाल्या मित्राची घंटी एकदा हुकली म्हणजे सहा महिने गेले. कॅलेंडरला तारीख कळते, आपलं शेवटचं बोलणं कधी झालं ते कळत नाही.

मग गूगल शीट्समध्ये तक्ता केला. A रकान्यात नाव, B मध्ये शेवटचं बोलणं झालेली तारीख, C मध्ये किती दिवसांनी बोलायचं तो आकडा. फोन कोणी केला याने फरक पडत नाही. बोलणं झालं की B मधली तारीख बदलायची. व्हॉट्सॲपवरचं सकाळचं फूल बोलणं धरायचं नाही, हा नियम मी स्वतःलाच घालून घेतला, नाहीतर यादी फुलांवरच चालली असती.

आधी मी किती दिवस उशीर झाला ते मोजून यादी लावत होतो. ते चुकतं. मामाचं अंतर 15 दिवसांचं आणि बोलून 27 दिवस झालेले, म्हणजे उशीर 12 दिवसांचा. पुण्याच्या मित्राचं अंतर 90 आणि झालेले 110, म्हणजे उशीर 20 दिवसांचा. मित्र वर, मामा खाली. पण मामाच्या घरी एव्हाना "भाचा नाराज झाला का" अशी चर्चा सुरू झालेली असते आणि मित्राला काही वाटलेलंही नसतं. म्हणून D रकान्यात वजाबाकीऐवजी भागाकार घातला:

```
=(TODAY()-B2)/C2
```

मामा 1.8, मित्र 1.22. आता D वर मोठ्याकडून लहानाकडे यादी लावली की मामा वर येतो. आकडा 1 च्या खाली असेल तर त्या माणसाकडे पाहायचंच नाही. (D मध्ये आकड्याऐवजी चूक दिसली तर B मधली तारीख पाहा. ती रकान्यात डावीकडे चिकटली असेल तर शीटने ती तारीख न धरता नुसता मजकूर धरलेला असतो.)

तरीही महिनाभरात जवळजवळ सगळी यादी 1 च्या वर गेली. दोष माझ्या उत्साहाचा होता. 38 माणसं, त्यांतली 12 आठवड्याची, 16 पंधरा दिवसांची, 10 महिन्याची. प्रत्येक गटातली माणसं भागिले अंतर केलं आणि बेरीज घेतली, तर रोजचे तीन फोन निघाले. जेवण झाल्यावर, रेंजसाठी गच्चीवर जाऊन, रोज तीन फोन मी करणार? आणि सोबत तुरीला रात्रीचं पाणीही द्यायचं? मग कापत कापत चार जण 10 दिवसांवर, बारा जण 30 वर आणि बाकीचे 22 जण 90 वर ठेवले. बेरीज रोजच्या एका फोनावर आली. तेवढं जमतं. मामा 15 वरून 10 वर गेला, कारण तो एकटाच राहतो. तीन जण 90 वर टाकताना वाईट वाटलं, पण आधी त्यांना वर्षानुवर्षं फोन नव्हता हेही खरं.

आत्या 30 वर आहे. चौथ्या-पाचव्या फोनला तिने विचारलंच, "काऊन रे, दर मयन्याले फोन करतं, पैशे-गिशे पायजेत का?"

"नाही वं आत्या, असंच."

"असंच कोनी करते का!" म्हणाली, आणि मग वीस मिनिटं गाईबद्दल बोलली. फोन ठेवल्यावर मी B मध्ये तारीख टाकली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: गाय गाभण, पोळ्यानंतर विणार, विचारणे.